आजोबाचे नाव नातवाला

मागच्या महिन्यात पुतण्याचा मुलगा उमरीला आला तो हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊनच. पिशवीत जुन्या कागदांच्या झेरॉक्स. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून आपल्या मराठवाड्यात घरोघरी हेच चालू आहे. त्याने वंशावळही तयार करून आणली होती. मला म्हणाला, "आजोबा, फक्त एकदा नजर टाका, उद्या प्रतिज्ञापत्र करायचंय."

मी नजर टाकली आणि म्हणालो, "बाळा, यात तू माझ्या वडिलांना त्यांच्याच आजोबाच्या जागी बसवलंयस."

मंडळी, घरातली नावे इथे लिहीत नाही. वाचणारे घरचेच आहेत, उगाच कुणी रागवायला नको. शाळेतल्या सवयीप्रमाणे क आणि ख म्हणतो. माझे वडील क, त्यांचे वडील ख, त्यांचे वडील पुन्हा क. माझा थोरला भाऊ ख. आजोबा वारला की त्याचे नाव नातवाला, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव येते. पण निजामाच्या राज्यात कागदावर नाव लिहायचे ते "अमुक वल्द तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. आता बघा गंमत. वडील "क वल्द ख". पणजोबांच्या वडिलांचे नाव ख असेल, तर पणजोबासुद्धा "क वल्द ख"! नुसते नावच नाही, बापासकट पूर्ण नाव दोन पिढ्यांनी जसेच्या तसे परत येते.

पोराच्या पिशवीत एक उर्दू कागद होता, फसली 1311 चा. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे हा 1901-02 चा. दुसरा कागद 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकाचा. दोन्हीवर "क वल्द ख". त्याने एकच माणूस धरला आणि दोन पिढ्या गाळल्या.

दोन कागदांत 53 वर्षांचे अंतर. पंचविशीत जमीन नावावर झालेला माणूस अठ्ठ्याहत्तरीत जिवंत असू शकतो, त्यामुळे नुसत्या अंतरावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून तिसरा कागद पाहिला. 1951 च्या जनगणनेच्या वेळी नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर झाले, त्यात घरातल्या प्रत्येकाचे वय आहे. त्यात वडिलांचे वय 38. म्हणजे जन्म 1913 च्या आसपास. 1901 च्या कागदावरचा क तो हा नव्हेच. अर्थात त्या रजिस्टरातली वये अंदाजाने सांगितलेली असत, दोन-चार वर्षे इकडेतिकडे धरावीच लागतात. पण बारा वर्षांची चूक होऊन शिवाय जन्माआधीच जमीन नावावर होत नाही!

मग 1901 चा क कोण? पणजोबा असावेत. तसे असेल तर त्यांच्या वडिलांचे नाव ख, आणि हे नाव आमच्या घरात आता कुणालाच ठाऊक नव्हते. पण "असावेत" म्हणजे "आहेत" नव्हे. गावात आणखी कुठला क वल्द ख असू शकतो. आम्ही सर्व्हे नंबर ताडून पाहिला. तोच नंबर 1954 ला निम्मा वडिलांच्या आणि निम्मा "क वल्द ग" या नावावर होता. हा ग म्हणजे माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. तेव्हा जुळले.

आणि इथेच दुसरा घोटाळा सापडला. पणजोबा वारल्यावर त्यांच्या दोन्ही मुलांनी आपापल्या मुलाला बापाचे नाव ठेवले. त्यामुळे दोन चुलत भाऊ, दोघेही क. गावात थोरला आणि धाकटा म्हणत, कागदावर ते कुठे येणार? पोराने दोन्ही तुकडे एकाच क च्या खाली लिहिले होते. म्हणजे चुलत घराचा हिस्सा आमच्या वंशावळीत! शपथेवर दिले असते तर भांडणाला निमित्तच झाले असते.

असे घोटाळे फक्त आपल्यासारख्या कुळवाड्यांच्या घरात होतात असे समजू नका. छत्रपतींच्या घराण्यातही हेच आहे. शिवाजी महाराज 1680 ला गेले. 1682 ला संभाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव शिवाजी ठेवले. तेच पुढचे शाहू महाराज. 1696 ला राजाराम महाराज आणि ताराबाईंना मुलगा झाला, त्याचेही नाव शिवाजी. एकाच आजोबाचे दोन नातू, दोघे चुलत भाऊ, नाव एक. वडिलांचे नाव लावल्याशिवाय ओळख पटणार नाही.

त्याच घराण्यात या नियमाची मर्यादाही दिसते. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले, त्यानंतर 1657 ला जन्मलेल्या पुतण्याचे नाव संभाजी. ते 1689 ला मारले गेले, आणि 1698 ला जन्मलेल्या त्यांच्या पुतण्याचे, म्हणजे राजाराम महाराजांच्या मुलाचे नाव पुन्हा संभाजी. दोन्ही वेळा नाव आजोबाचे नसून गेलेल्या काकाचे. म्हणून नाव परत आले की लगेच "हा त्याचा नातू" असे लिहू नये. आधी कोण केव्हा वारले ते पाहावे. रामराजांचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. शाहू महाराजांच्या मागे ताराबाईंनी त्यांना आपला नातू म्हणून पुढे आणले. नाव राजाराम, आजोबाचेच, अगदी नियमात बसणारे. आणि पुढे ताराबाईंनीच तो आपला नातू नव्हे असे सांगितले! नावावरून नाते सुचते, सिद्ध होत नाही.

आता एक कबुली. वंशावळीत एका चुलत भावाचा शाळेचा निर्गम उतारा काही केल्या जुळत नव्हता. खासऱ्यात वेगळे नाव, उताऱ्यावर "बापू". कारण मला चांगले ठाऊक होते. सून सासऱ्याचे नाव घेत नसे. मुलाला तेच नाव ठेवलेले, मग आई त्याला हाक कशी मारणार? बापू, आबा, तात्या. मी मास्तर होतो तेव्हा अशा कितीतरी आया पोराला नाव घालायला घेऊन यायच्या. नाव विचारले की पदर तोंडाला लावून हसायच्या. मागे लेकरांची रांग. मी दाखल-खारीज रजिस्टरमध्ये "बापू" लिहायचो आणि पुढच्याला हाक मारायचो. बाप शेतातून येईपर्यंत थांबलो असतो तर आज कुणाच्या तरी नातवाला तहसीलच्या खेपा घालाव्या लागल्या नसत्या.

आजीचे नावही नातीला देत, पण लग्नात नाव बदलले जाई आणि जमिनीच्या कागदावर बाई क्वचितच. त्यामुळे तो धागा आम्हाला कुठेच धरता आला नाही. पणजीचे माहेरचे नाव काय, ते वंशावळीत कोरेच राहिले.

पोराने वंशावळ फाडून नवी लिहिली. आता प्रत्येक क च्या पुढे बापाचे नाव आहे, आजोबाचेही आहे. श्राद्धाला तीन पिढ्यांची नावे घेतात ती उगाच नाही, दोन नावांनी आपल्याकडे माणूस ओळखू येत नाही.

चुलत घरचे कुणी हे वाचत असतील तर एवढे करा. धाकटे क केव्हा वारले ते साल मला कळवा. ती एकच जागा पेन्सिलने लिहून ठेवली आहे.