ध्वनिमुद्रण-तुलना (भूमिकाबदल)

एकाच वक्त्याची काही महिन्यांच्या अंतराने झालेली दोन मुद्रणे समोरासमोर ठेवून त्याच्या भूमिकेत काय बदलले आणि काय टिकले, याचा सारांश काढण्याची पद्धत. पत्रकार, इतिहास-संशोधक आणि वित्तबाजाराचे विश्लेषक ती वापरतात.

पद्धत : दोन्ही मुद्रणांचा शब्दशः उतारा वेळेच्या नोंदींसह काढतात, मग विधाने विषयवार जुळवून प्रत्येकाला ‘कायम’, ‘बदल’ किंवा ‘उल्लेख नाही’ असा शेरा देतात. तिसरा शेरा सर्वांत फसवा असतो, कारण वक्ता एखाद्या विषयावर गप्प राहिला म्हणजे त्याने मत सोडले असे होत नाही. प्रसंगही सारखा हवा. लिहून आणलेले निवेदन आणि पत्रकारांना दिलेली उत्तरे एकमेकांशी ताडून काढलेला निष्कर्ष सहसा टिकत नाही.

उदाहरण : रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांची ५ एप्रिल आणि ९ ऑक्टोबर २०२४ ची पतधोरण निवेदने. दोन्ही लिखित असून त्यांची चित्रमुद्रणे आणि अधिकृत संहिता उपलब्ध आहेत, त्यामुळे उतारा पडताळता येतो. एप्रिलमध्ये महागाईचा हत्ती फिरायला बाहेर पडला असून जंगलाकडे परतताना दिसतो, असे दास म्हणाले. ऑक्टोबरमध्ये हत्तीच्या जागी घोडा आला : तो तबेल्यात आणला आहे, पण दार उघडताना जपायला हवे. वृत्तपत्रांना ही प्राण्यांची अदलाबदल आवडली. भूमिकेच्या दृष्टीने मात्र ती ‘कायम’ या रकान्यातच पडते, कारण महागाई उतरली तरी पुन्हा उसळू शकते, हाच इशारा दोन्हीकडे आहे. रेपो दर दोन्ही वेळी ६.५० टक्के आणि २०२४-२५ च्या महागाईचा अंदाज ४.५ टक्के राहिला.

बदल दुसरीकडे होता. एप्रिलमध्ये जाहीर धोरण उदारता मागे घेण्याचे होते. ऑक्टोबरमध्ये ते ‘तटस्थ’ झाले, म्हणजे दर कमी करायला वाट मोकळी झाली. पण हा निर्णय पतधोरण समितीने एकमताने घेतलेला होता आणि तिचे तिन्ही बाहेरील सदस्य त्याच महिन्यात नवे आले होते. त्यामुळे सारांशात ‘दास यांचे मत बदलले’ असे न लिहिता ‘दास यांनी समितीचा बदललेला पवित्रा जाहीर केला’ असे लिहिणे अधिक अचूक ठरते. हे सूक्ष्म वाटेल, पण बहुतेक चुका इथेच होतात. पुढे त्याच महिन्यात एका कार्यक्रमात दास यांनी इतक्यात दरकपात करणे घाईचे आणि धोक्याचे ठरेल असे सांगितले. ‘तटस्थ’ म्हणजे लगेच कपात, असा अर्थ काढणाऱ्यांचा निष्कर्ष त्यामुळे कोसळला.

आवाज व देहबोली : स्वरातील चढउतारांवरून मतबदल ओळखावा की नाही, याबाबत एकमत नाही.

पुढील घटना : डिसेंबर २०२४ मध्ये दास निवृत्त झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संजय मल्होत्रा गव्हर्नर असताना रेपो दर ६.२५ टक्के झाला.