मोटारीतील 'एसओएस' बटण : हाक कोणापर्यंत पोहोचते?

अनेक नव्या मोटारींमध्ये छतावरील दिव्याशेजारी किंवा आरशाजवळ 'SOS' अशी अक्षरे असलेले बटण असते. ते काही क्षण दाबून धरले की मदतीसाठी कॉल लागतो. गंभीर अपघातात मात्र चालकाने काहीच करावे लागत नाही. एअरबॅग नियंत्रित करणारे यंत्र धडकेची तीव्रता मोजते आणि तेच कॉलचा आदेश देते. त्यामुळे किरकोळ धडकेत, एअरबॅग उघडलीच नाही तर, हा कॉल बहुधा आपोआप लागत नाही. अशा वेळी बटणच दाबावे लागते.

युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मान्यता घेणाऱ्या नव्या मॉडेलच्या मोटारींना 'ई-कॉल' ही प्रणाली सक्तीची आहे. तीत कॉल थेट ११२ या क्रमांकावर जातो. बोलणे सुरू होण्यापूर्वी जेमतेम १४० बाइट्सचा संदेश पोहोचतो. त्यात वेळ, ठिकाण, गाडीचा ओळख क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि कॉल आपोआप लागला की बटणाने, एवढी माहिती असते. गाडी कोणत्या दिशेने जात होती, हेही त्यात असते. हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण दुभाजक असलेल्या महामार्गावर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने आली, तर तिला पुढच्या फाट्यावरून वळून यावे लागते. जखमी बेशुद्ध असेल, तर ही माहिती दुसरे कोण सांगणार?

भारतात खासगी मोटारींमध्ये ही सोय मुख्यत्वे कंपन्यांच्या 'कनेक्टेड' सेवेचा भाग म्हणून मिळते. गाडीत सिमकार्ड बसवलेले असते. कॉल बहुधा कंपनीच्या मदत केंद्राकडे जातो आणि नोंदवलेल्या नातेवाइकांना संदेश जातो. सेवेची मुदत संपली की बटण जागेवर राहते, हाक मात्र जात नाही. काही प्रणाली चालकाच्या फोनवर विसंबतात. २०१३ मध्ये आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टमध्ये ब्लूटूथने जोडलेल्या फोनवरून १०८ला कॉल जात असे. फोन जोडलेला नसेल, तर सारेच व्यर्थ. सिमकार्ड गाडीतले असो वा फोनमधले, मोबाइलचे जाळे नसलेल्या घाटात दोन्ही हतबल.

नातेवाइकांचे क्रमांक कंपनीच्या अॅपमध्ये, मालकाच्या खात्यात नोंदवायचे असतात. नेहमी सोबत प्रवास करणाऱ्या पत्नीचा वा पतीचा एकच क्रमांक देणे ही सर्रास होणारी चूक. अपघातात तो फोनही त्याच गाडीत असतो! निदान एक क्रमांक घरी असणाऱ्याचा हवा, आणि त्या व्यक्तीला तशी कल्पनाही द्यावी. अन्यथा अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश फसवणूक समजून पुसला जातो.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनी तर विशेष दक्ष राहावे. आधीच्या मालकाचे खाते तसेच राहिले, तर अपघाताची खबर त्याच्या भावाला जाईल आणि नव्या मालकाच्या घरी कोणालाच कळणार नाही. गाडी ताब्यात घेतानाच ते खाते काढून टाकण्यास सांगावे, आपल्या नावे नवी नोंदणी करावी आणि सेवा केव्हापर्यंत चालू आहे, हे अॅपमध्ये पाहावे. खात्रीसाठी बटण दाबून पाहू नये. चाचणी कशी घ्यावी, हे सेवा केंद्राला विचारावे.