चेंबर परिचय (वकिलाचा)

वकील किंवा एकाच चेंबरमध्ये बसणारे वकील संकेतस्थळावर स्वतःविषयी जी अधिकृत माहिती ठेवतात तिला चेंबर परिचय म्हणतात. भारतात या परिचयाचा मजकूर वकिलाच्या मर्जीवर सोडलेला नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील सहाव्या भागातला नियम 36 आणि त्याला जोडलेली अनुसूची यांनी तो ठरवून दिला आहे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या राजधानी परिसरात शेजारशेजारची न्यायालये वेगवेगळ्या उच्च न्यायालयांखाली येतात. त्यामुळे इथे परिचयातली प्रत्येक ओळ पक्षकाराला प्रत्यक्ष उपयोगी पडते.

मूळ नियम मनाईचा आहे. वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागू नये. त्यासाठी परिपत्रके, जाहिराती, दलाल किंवा अनाहूत भेटी यांचा आधार घेऊ नये आणि आपण चालवत असलेल्या खटल्यासंबंधी स्वतःची छायाचित्रे छापून आणू नयेत. पाटी माफक आकाराची असावी. पाटीवर किंवा पत्राच्या कागदावर आपण बार कौन्सिलचे वा वकील संघाचे पदाधिकारी आहोत, पूर्वी न्यायाधीश वा महाधिवक्ता होतो, किंवा अमुक प्रकारच्या कामात विशेषज्ञ आहोत, असे लिहू नये. माजी न्यायाधीशांविषयीच्या कलमाला दिल्लीत खास महत्त्व आहे, कारण उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात वकिली करू शकतात. त्यांच्याही पाटीवर जुने पद येऊ शकत नाही.

या मनाईचा इतिहास बराचसा मुंबईत घडला. 1929 साली मुंबई उच्च न्यायालयाने नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढाच मजकूर असलेले पोस्टकार्ड पाठवणेही अनुचित ठरवले होते. पुढे एस्प्लनेड पोलीस कोर्टाच्या दाराशी काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर धावून जात आणि फी पाडून कागदपत्रे ओढून घेत, अशी तक्रार झाली. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरले, तर भारतीय विधिज्ञ परिषदेच्या शिस्त समितीने सोडून दिले. काम मागणे सिद्ध होण्यासाठी ते विशिष्ट माणसाकडे आणि विशिष्ट प्रकरणासाठी मागितलेले असावे, असा अर्थ त्या समितीने लावला होता. महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोळकर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये तो अर्थ नाकारला.

संकेतस्थळांचा प्रश्न व्ही. बी. जोशी विरुद्ध भारत सरकार या 2000 सालच्या रिट याचिकेतून पुढे आला. याचिका प्रलंबित असतानाच परिषदेने मार्च 2008 मध्ये ठराव करून नियम 36 ला परंतुक जोडले. त्यानुसार परिषदेला कळवून आणि तिच्या मान्यतेने अनुसूचीतली माहिती संकेतस्थळावर देता येते. अनुसूचीतल्या बाबी मोजक्याच आहेत: नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल, नोंदणी क्रमांक व नोंदणीची तारीख, मूळ नोंदणी कुठल्या राज्याच्या बार कौन्सिलकडे झाली आणि सध्या नाव कुठल्या पटावर आहे, वकील संघाचे सदस्यत्व, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता, आणि वकिलीची क्षेत्रे. शेवटी माहिती खरी असल्याचे सहीनिशी प्रतिज्ञापन द्यायचे असते. याखेरीज एखादी बाब घातली तर तो नियमभंग मानला जातो आणि अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 35 खाली कारवाई होऊ शकते. तिची परिणती ताकीद, सनद निलंबित होणे किंवा पटावरून नाव काढले जाणे यांपैकी कशातही होऊ शकते.

या यादीत ‘अनुभव’ नावाचा रकाना नाही. अनुभव सांगायची परवानगी आहे ती नोंदणीच्या तारखेतून. सनद 2009 ची असेल तर किती वर्षे झाली हे वाचणारा स्वतः मोजतो. ‘पंधरा वर्षांचा दांडगा अनुभव’ हे वाक्य मात्र त्या यादीबाहेरचे. किती खटले जिंकले, कोणत्या कंपन्या पक्षकार आहेत, पक्षकारांचे अभिप्राय काय, यांनाही जागा नाही. ही काटकसर मला योग्य वाटते. निकाल पुराव्यावर आणि प्रकरणाच्या बळावरही ठरत असतो, त्यामुळे जिंकलेल्या खटल्यांचा आकडा वकिलाच्या कसबाबद्दल अडचणीत सापडलेल्या माणसाची सहज दिशाभूल करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात शिकलेल्या एका वकील बाईंची सनद 2009 साली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे आणि आता त्या दिल्लीत बसतात. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिले: ‘फौजदारी कायद्यातील तज्ज्ञ, सर्वोच्च न्यायालयात शेकडो जामीन मिळवून दिले, एका वकील संघाच्या माजी सचिव.’ यातले जवळजवळ सगळे काढावे लागते. ‘तज्ज्ञ’ जाऊन क्षेत्रांच्या रकान्यात ‘फौजदारी, दिवाणी’ येते. अनुसूचीत उदाहरणादाखल दिलेली क्षेत्रेही दिवाणी, फौजदारी, कर, कामगार अशी व्यापक आहेत. जामिनांचा उल्लेख पूर्ण जातो. सचिवपद जाऊन संघाचे साधे सदस्यत्व उरते. सनदेची तारीख आणि क्रमांक मात्र घालावाच लागतो, आणि तोच मसुद्यात राहून गेलेला असतो.

यानंतर पटाचा रकाना. नाव दिल्लीच्या पटावर न्यायचे तर कलम 18 खाली बदलीचा अर्ज परिषदेकडे करावा लागतो. त्याला फी नाही, पण शिस्तभंगाचे प्रकरण चालू असेल तर अर्ज अडू शकतो. बदली केली नाही तरी कलम 30 मुळे दिल्लीत वकिली करता येते, आणि एका वेळी दोन पटांवर नाव ठेवता येत नाही. पक्षकाराच्या दृष्टीने हा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण वकिलाविरुद्धची तक्रार ज्या पटावर नाव आहे त्या बार कौन्सिलकडे जाते. नोएडात बसणाऱ्या वकिलाचे नाव उत्तर प्रदेशच्या पटावर असू शकते, गुरुग्राममधल्याचे पंजाब व हरियाणाच्या. दारावरच्या पत्त्यावरून हे कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा उल्लेखही तपासून वाचावा. तिथे वकीलपत्र दाखल करण्याचा अधिकार ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’लाच आहे. त्यासाठी साधारणपणे चार वर्षांची वकिली, मग वर्षभराचे प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. शिवाय दिल्लीतच, न्यायालयापासून 16 किलोमीटरच्या आत कार्यालय असावे लागते. त्यामुळे फक्त गुरुग्रामचा पत्ता देऊन हा दर्जा सांगणाऱ्या परिचयाबद्दल विचारणा करणे रास्त आहे. हा दर्जा परीक्षेने मिळत असल्याने तो व्यावसायिक पात्रतेच्या रकान्यात बसतो, असे मानता येते. वरील उदाहरणातल्या बाईंकडे तो नसेल तर त्या तिथे युक्तिवाद करू शकतात, पण वकीलपत्र दुसऱ्याच्या नावाने जाईल, आणि हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत समजायला हवे.

अनेक संकेतस्थळे उघडताच ‘ही जाहिरात नाही, मी स्वेच्छेने माहिती घेत आहे’ अशी चौकट येते. नियम 36 मध्ये किंवा अनुसूचीत अशा चौकटीचा उल्लेख नाही. आतला मजकूर अनुसूचीबाहेरचा असेल तर वाचकाने ‘सहमत’ दाबल्याने तो नियमात येत नाही. परिचय स्वतःच्या संकेतस्थळावरून उचलून वकील शोधून देणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांवर गेला की अडचण वाढते. तिथे तारे, क्रमवारी आणि सेवेचा दर लावला जातो. मद्रास उच्च न्यायालयाने 3 जुलै 2024 रोजी पी. एन. विघ्नेश यांच्या याचिकेत अशा संकेतस्थळांवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याचे निर्देश दिले. त्याच महिन्यात परिषदेने संबंधित संकेतस्थळांना असे मजकूर काढण्यास सांगितले.