दिनविशेष : ४ डिसेंबर १८२९

गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी बंगाल प्रांतात सतीबंदीचा कायदा केला. त्याआधी वाद पेटला होता तो शास्त्राधारांवर. सतीचे समर्थक अंगिरस, हारीत यांची वचने पुढे करत. सहगमनाने स्वर्ग मिळतो, असे त्यांत सांगितले आहे. राममोहन रॉय यांनी १८१८ मधील संवादरूप पुस्तिकेत मनूचा आधार घेतला : विधवेने संयमाने जगावे. मनूशी विसंगत स्मृती ग्राह्य नाही आणि स्वर्गाच्या इच्छेने केलेले कर्म गीतेनुसार हीनच, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचा सर्वांत जळजळीत सवाल वेगळाच होता : स्वेच्छेने चितेवर चढावे असे वचन सांगते, मग विधवेला बांधून बांबूंनी दाबता कशाला? कायद्याविरुद्ध सतीसमर्थकांच्या धर्मसभेने लंडनला केलेले अपील १८३२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फेटाळले.