मूळ प्रत कोणाकडे? फोनवर दिसणारा मेसेज लॅपटॉपवर का नसतो

आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी हा लिखित मसुदा. बोलताना जे "म्हणजे बघा" शंभर वेळा आलं, ते बरंचसं काढून टाकलंय. थोडं राहिलं असेल तर चालवून घ्या.

सुरुवात घरच्या गोष्टीने करतो. मागच्या वर्षी एका दुपारी मी पुण्यात, भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होतो. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, तोही सायलेंटवर. लॅपटॉपवरच्या चॅट अ‍ॅपमध्ये आईच्या नावापुढे एक राखाडी ओळ आली: या मेसेजची वाट पाहत आहोत, थोडा वेळ लागू शकतो. मला वाटलं, फुलांचा फोटो असेल, येईल सावकाश. अडीच तासांनी फोन हातात घेतला तर त्यावर तोच मेसेज स्पष्ट दिसत होता: "बाबांना चक्कर आली, दवाखान्यात नेतोय, फोन कर."

बाबा ठीक आहेत, बीपीचं होतं. पण रात्री आई म्हणाली, "अरे, दोन टिका दिसत होत्या की मला! मला वाटलं वाचलंस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच लिहितो! एकच खातं, एकच मेसेज, दोन यंत्रं पाच पावलांवर. एकाकडे तो आहे आणि दुसऱ्याकडे नाही, असं कसं होतं? शोधायला लागलो आणि चाळीस वर्षं मागे गेलो. या सगळ्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: मेसेजची मूळ प्रत कोणाकडे?

पहिलं उत्तर: जो आधी घेईल त्याच्याकडे

१९८४ साली पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पीओपी, पहिल्यांदा आरएफसी ९१८ या दस्तऐवजात मांडला गेला. नावातच सगळं आलं. पोस्टात आपली पेटी असते, आपण जातो, पत्रं घेतो, पेटी रिकामी होते. १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, आणि ईमेल वापरणाऱ्या एका अख्ख्या पिढीने तीच वापरली. संगणक आणि सर्व्हर यांचं संभाषण साधारण असं चालायचं:

```
RETR 1
DELE 1
QUIT
```

पहिलं पत्र दे, ते खोडून टाक, येतो मी. माणसाकडे संगणक एकच असेल तर यात काही चूक नाही. पण ऑफिसातल्या संगणकाने सकाळी पत्रं उतरवून घेतली की संध्याकाळी घरच्या संगणकाला पेटी रिकामीच मिळायची. पत्र हरवलेलं नसे, ते ऑफिसात असे. उलटीही गंमत व्हायची. सर्व्हर खरी खोडाखोड `QUIT` आल्यावरच करतो. त्याआधी मोडेमची लाइन तुटली तर काहीच खोडलं जात नाही, आणि पुढच्या वेळी तीच पत्रं पुन्हा उतरायची. म्हणजे एकीकडे मेसेज नाही, दुसरीकडे तोच दोनदा. सिंकचे हे दोन्ही आजार इतके जुने आहेत.

दुसरं उत्तर: सर्व्हरकडे

१९८६ मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप तयार केला. यात पत्र सर्व्हरवरच राहतं आणि तुमचा संगणक त्याच्याकडे खिडकीतून बघितल्यासारखा बघतो. प्रत्येक पत्राला चढता क्रमांक असतो. लॅपटॉप म्हणतो, "माझ्याकडे ४८१२ पर्यंत आहेत, पुढची दे." पत्र वाचलं की `\Seen` ही खूण सर्व्हरवर लागते, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावरही ते वाचलेलं दिसतं.

इथे दोन यंत्रांत फरक पडलाच तर तो तात्पुरता. भांडण झालं की सर्व्हर सांगेल ते खरं. क्रमांकच विस्कटले, उदाहरणार्थ सर्व्हर बदलून पेटी नव्याने बांधली, तर त्यासाठी `UIDVALIDITY` नावाचा एक आकडा आहे. तो बदललेला दिसला की संगणकाने आपली साठवण टाकून द्यायची आणि पहिल्यापासून सगळं मागून घ्यायचं. सोपं आणि भक्कम. पण याची किंमत एकच: सर्व्हरला तुमची सगळी पत्रं कायम सांभाळावी लागतात आणि सर्व्हर चालवणाऱ्याला ती वाचता येऊ शकतात. २०१३ मध्ये आलेलं टेलिग्राम आपल्या साध्या चॅटसाठी हाच मार्ग वापरतं, म्हणून तिथे नव्या फोनवर जुनं सगळं दिसतं. त्यातल्या सीक्रेट चॅट मात्र ज्या यंत्रावर सुरू केल्या तिथेच राहतात. का, ते आता येतंयच.

तिसरं उत्तर: फोनकडे

२१ जानेवारी २०१५ ला व्हॉट्सअ‍ॅप वेब आलं. क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि फोनवरच्या चॅट ब्राउझरमध्ये बघायच्या. पण ब्राउझर हा नुसता आरसा होता. मूळ प्रत फोनमध्ये, आणि ब्राउझरला काही हवं असलं की ते फोनकडूनच यायचं. फोनची बॅटरी गेली, रेंज गेली, की आरसा आंधळा. त्या काळात ऑफिसात "फोन जोडलेला नाही" ही पिवळी पट्टी बघून किती जणांनी टेबलाखालच्या पिशवीतून फोन शोधून काढला असेल!

आता मागे वळून बघितलं तर या पद्धतीचा एक गुण दिसतो. दोन पडद्यांवर वेगवेगळं सत्य कधीच नसायचं. एक तर सारखं दिसायचं किंवा नवीन काहीच यायचं नाही.

एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सगळ्यांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन पूर्ण केलं. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरकडे किल्ली नाही. म्हणजे आयमॅपसारखं "सर्व्हर सांगेल ते खरं" हा मार्ग बंद झाला.

चौथं उत्तर: सगळ्यांकडे आपापली

जुलै २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवीन रचना चाचणीसाठी आणली: एक फोन आणि त्याच्या जोडीला चारपर्यंत इतर यंत्रं, फोन बंद असला तरी चालणारी. यात प्रत्येक यंत्राला स्वतःची ओळख-किल्ली मिळाली. आईने मला एक मेसेज पाठवला की तिचा फोन आधी माझ्या यंत्रांची यादी बघतो. यादीत फोन आणि लॅपटॉप असतील तर तोच मजकूर दोनदा, दोन वेगळ्या कुलपांत बंद करून पाठवतो. सर्व्हरवर माझ्या दोन यंत्रांची जणू दोन वेगळी टपालं लागतात. माझ्या फोनचं पाकीट लॅपटॉपला मिळालं तरी उघडणार नाही.

इथे नीट थांबून बघा. आपण म्हणतो "एक मेसेज दोन ठिकाणी आला". प्रत्यक्षात दोन पाकिटं निघाली, दोन रस्त्यांनी गेली आणि दोघांचं नशीब वेगळं. सिंक होण्यासारखी मध्यवर्ती प्रतच नाही.

आणि किल्लीही कायमची नसते. सिग्नल प्रोटोकॉलमध्ये दोन यंत्रांत एक चालती वही असते असं समजा. प्रत्येक मेसेजला वहीतून नवी किल्ली निघते आणि वापरून झाली की फेकली जाते. उत्तर-प्रत्युत्तर झालं की वहीत नवं पान सुरू होतं. दोन्हीकडच्या वह्या एकाच पानावर असल्या तरच पाकीट उघडतं.

माझ्या लॅपटॉपचं काय झालं

आदल्या रात्री मी लॅपटॉपवरून आईला "जेवलीस का?" असं विचारलं होतं. त्याच वेळी लॅपटॉप अडकला आणि मी पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद केला. मेसेज गेला होता, पण वहीचं नवं पान डिस्कवर नीट लिहिलं गेलं नाही. आईच्या फोनची वही पुढे, माझ्या लॅपटॉपची मागे. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनने नव्या पानावरची किल्ली वापरून पाकीट पाठवलं. लॅपटॉपकडे पाकीट पोचलं, उघडेना, म्हणून ती राखाडी ओळ.

अशा वेळी लॅपटॉप पाठवणाऱ्याला कळवतो: हे उघडत नाही, नवी वही सुरू करून पुन्हा पाठव. सर्व्हर हे करू शकत नाही, कारण त्याला मजकूरच माहीत नाही. आईच्या फोनलाच करावं लागतं, आणि त्यासाठी तो ऑनलाइन हवा. ती दवाखान्यात होती, तळमजल्यावर, रेंज नाही. रात्री ती घरी आली, वायफाय जोडलं गेलं आणि मिनिटभरात माझ्या लॅपटॉपवर ती ओळ जाऊन मजकूर आला. आणि दोन टिका? ती पोचपावती माझ्या फोनने दिली होती. फोनकडे मेसेज खरंच पोचला होता.

फरक कसा ओळखायचा

राखाडी ओळ दिसली तर पाकीट आलंय, किल्ली जुळत नाही. लॅपटॉप रीस्टार्ट करून फारसा उपयोग नाही. समोरच्याला अ‍ॅप उघडायला सांगा, किंवा आपल्या फोनवर बघा.

काहीच खूण नसेल आणि एका तारखेच्या आधीचे मेसेजच नसतील, तर ते यंत्र त्या तारखेनंतर जोडलेलं आहे. त्याआधी त्याच्या नावाचं पाकीट निघालंच नव्हतं. जोडताना फोन अलीकडच्या चॅटचा एक कुलूपबंद गठ्ठा नव्या यंत्राला देतो, पण तो गठ्ठा म्हणजे सगळा इतिहास नव्हे. जुनं हवं असेल तर ते फोनवरच शोधा.

आणि मधलाच काळ रिकामा असेल, तर ते यंत्र बराच काळ बंद होतं का आठवा. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर न पोचलेलं पाकीट ३० दिवस ठेवतो, मग काढून टाकतो. फोनच १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर जोडलेली यंत्रं सुटतात, आणि मग पुन्हा जोडून गठ्ठा घ्यावा लागतो.

आईला हे सगळं वही-पाकीट करत समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरं, म्हणजे घाईचं असेल तर दोन टिका बघायच्या नाहीत, सरळ फोन करायचा." मी म्हटलं, "हो. आणि मी फोन सायलेंटवर ठेवायचा नाही." एवढ्यावर आमचं मिटलं.

पुढच्या भागात भेटू.