डहाणू-तलासरी भूकंपमालिका आणि चिंताविकार : वैद्यकीय सल्ल्याची वेळ व पहिली भेट

चिंताविकार म्हणजे प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अधिक तीव्र असणारी, दीर्घकाळ टिकणारी आणि दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारी भीती किंवा काळजी. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या भूकंपमालिकेमुळे हा विषय तेथील गावपाड्यांत नव्याने समोर आला. ज्या भूभागात जमीन पुन्हा पुन्हा हादरते, तेथे कोणती भीती स्वाभाविक मानावी आणि कोणत्या टप्प्यावर डॉक्टरांकडे जावे, हे ठरविणे इतर ठिकाणांपेक्षा अवघड असते. प्रस्तुत लेखात त्या निर्णयाचे निकष व पहिल्या भेटीचे स्वरूप दिले आहे.

पार्श्वभूमी

या मालिकेतील धक्क्यांचे केंद्र प्रामुख्याने डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी व तिच्या आसपासच्या परिसरात राहिले. बहुतेक धक्के सौम्य असले तरी ते जमिनीखाली फार खोल नसल्याने जोरात जाणवत, आणि अनेकदा त्यांच्यासोबत सुरुंग उडाल्यासारखा आवाज होई. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर धावताना झालेल्या अपघातात एका बालिकेचा मृत्यू झाला. घरांच्या भिंतींना तडे गेल्याने अनेक कुटुंबे थंडीतही अंगणात किंवा प्रशासनाने पुरविलेल्या तंबूंत झोपू लागली.

एका मोठ्या भूकंपानंतर लहान धक्के हळूहळू विरत जातात आणि माणसांची भीतीही साधारणपणे त्यांच्यासोबत ओसरते. भूकंपमालिकेत असा एकच मुख्य धक्का नसतो. धक्के आठवडेच्या आठवडे थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. त्यामुळे ‘संकट टळले’ असे मनाला सांगण्याचा क्षण येतच नाही. शरीर सतत सावध राहते, आणि हीच सावधता पुढे विकाराचे रूप घेऊ शकते.

सावधगिरी आणि विकार यांतील सीमारेषा

तडा गेलेल्या कुडाच्या किंवा विटांच्या घरात न झोपता बाहेर झोपणे हा आजार नव्हे. तो शहाणपणा आहे. धक्का बसताच छातीत धडधडणे, त्या रात्री झोप न लागणे, मुलांना जवळ घेऊन बसणे हेही स्वाभाविक आहे. अशी लक्षणे बहुतेकांमध्ये काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत आपोआप कमी होतात व त्यांसाठी औषधाची गरज नसते.

डॉक्टर भीतीच्या अस्तित्वापेक्षा तिच्या पसाऱ्याकडे पाहतात. रात्री घराबाहेर झोपणारी स्त्री दिवसा मोकळ्या मैदानातील आठवडी बाजारालाही जाईनाशी झाली, चिकूच्या वाडीतील मजुरीला जाणे तिने सोडले किंवा उघड्यावरील तंबूत भरणाऱ्या शाळेतही मुलाला धाडेनाशी झाली, तर ती भीती पडणाऱ्या भिंतीची राहिलेली नसते. जेथे भिंतच नाही तेथेही ती माणसाला अडवते. सीमारेषा ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

दुसरी खूण कालावधीची. शेवटच्या जाणवलेल्या धक्क्याला महिना उलटून गेल्यावरही तो प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे, दार आपटल्याच्या किंवा मालमोटारीच्या आवाजाने दचकून बाहेर पळणे, आणि झोप व भूक पूर्ववत न होणे असे घडत असल्यास तपासणी करून घ्यावी. जमीन स्थिर असतानाही ती हलल्याचा भास होणे मात्र भूकंपग्रस्त प्रदेशांत बरेच आढळते. जपानमध्येही मोठ्या भूकंपांनंतर त्याची नोंद झाली आहे. टांगलेल्या दिव्याकडे किंवा भांड्यातील पाण्याकडे पाहून खात्री करता येते. पाणी स्थिर दिसूनही मनाला ते पटत नसेल, तर सल्ला घेण्याची वेळ आली असे समजावे.

काही बाबतींत वाट पाहू नये. छातीत दाबल्यासारखे दुखून कळ हातात किंवा जबड्यात जाणे, घाम फुटणे किंवा शुद्ध हरपणे याला ‘घाबरल्यामुळे झाले’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. प्रथम हृदयविकार नाही याची खात्री करावी लागते. जगणे नकोसे वाटणे किंवा आत्महत्येचे विचार येणे हेही त्याच दिवशी मदत घेण्याचे कारण आहे. रोज ताडी किंवा दारू घेणाऱ्याने ती अचानक बंद केल्यावर हात थरथरू लागले, झोप उडाली व भास होऊ लागले, तर तो केवळ चिंतेचा प्रकार नसून तातडीच्या उपचाराची गरज असते.

कोणाकडे जावे

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाशीच व्हावी असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी प्राथमिक तपासणी करून पुढे पाठवू शकतात. या भागात डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आणि तलासरी येथे ग्रामीण रुग्णालय आहे. मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा अशा ठिकाणी बहुधा ठरावीक दिवशीच असते, म्हणून निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीकडून तो दिवस विचारून घेणे सोयीचे ठरते. पाड्यावरून दोन वाहने बदलून येणाऱ्याची एक मजुरी बुडते, आणि दिवस चुकला की बहुतेक जण पुन्हा येत नाहीत. अधिक गंभीर रुग्णांसाठी ठाणे येथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून औषधे लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ संभाषणाद्वारे उपचार करतो. औषध देत नाही. अनेक कुटुंबे आधी भगताकडे जातात. त्यात डॉक्टरांपासून लपविण्यासारखे काही नाही, मात्र भगताने झाडपाला दिला असल्यास तो सांगावा, कारण औषधांशी त्याचा संबंध येऊ शकतो.

पहिली भेट

भेटीचा क्रम समजावा यासाठी येथे एक कल्पित उदाहरण घेतले आहे. हळदपाड्याच्या परिसरातील चौतीस वर्षांची एक शेतमजूर स्त्री दोन महिन्यांपासून छातीत धडधड आणि झोप न येणे या तक्रारी घेऊन नणंदेसह रुग्णालयात येते. ‘चिंता’ हा शब्द ती वापरत नाही. ‘जीव घाबरतो, जमीन हलल्यासारखी वाटते,’ असे ती सांगते. अशा प्रकारे शरीराच्या भाषेतच त्रास सांगणे नेहमीचे आहे आणि तेवढे सांगणे पुरेसे असते.

केसपेपर निघाल्यावर नाडी, रक्तदाब व वजन पाहिले जाते. धडधडीची शारीरिक कारणे अनेक असतात. रक्तक्षय, थायरॉईड ग्रंथीचा अतिस्राव आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता ही त्यांतील मुख्य. त्यामुळे हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि गरजेनुसार हृदयाचा आलेख यांची तपासणी सुचविली जाते. आदिवासी भागात सिकलसेल आजाराचाही विचार करावा लागतो. या स्त्रीचे हिमोग्लोबिन ८.५ निघाले, तर लोहाच्या गोळ्याही सुरू होतील. पण धक्क्याच्या आठवणीने होणारी धडधड केवळ रक्तक्षयाने समजावता येत नाही, म्हणून पुढील चौकशी थांबत नाही.

त्यानंतर डॉक्टर प्रश्न विचारतात. त्रास केव्हा सुरू झाला, तो किती वेळ टिकतो, कोणती कामे सुटली, पूर्वी असे झाले होते का, घरात कोणाला असा आजार होता का, तंबाखू, चहा, ताडी किती, कोणती औषधे चालू आहेत. मरणाचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारले जाते. हा प्रश्न ऐकून नातेवाईक दचकतात, परंतु विचारल्याने असे विचार मनात उत्पन्न होत नाहीत. भूकंपाच्या रात्रीची हकीकत सविस्तर सांगण्याची सक्ती पहिल्या भेटीत केली जात नाही. तशी घाई उपकारक नसते.

काही ठिकाणी सात प्रश्नांची ‘जीएडी-७’ ही मापनसूची वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला यावरून ० ते ३ गुण दिले जातात. दोन आठवड्यांचा हिशेब अवघड वाटल्यास ‘मागच्या दोन बाजारांपासून’ असे विचारले की उत्तर चटकन येते. या स्त्रीची उत्तरे अशी धरू : अस्वस्थता २, काळजी आवरता न येणे २, नाना गोष्टींची काळजी १, शरीर सैल न होणे ३, एका जागी बसता न येणे १, चिडचिड २, काही भयंकर घडेल ही भीती ३. बेरीज १४ होते. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम आणि पंधरापासून तीव्र अशी विभागणी असल्याने हा त्रास मध्यम ठरतो. मात्र सूचीतील शेवटचा प्रश्न भूकंपक्षेत्रात दिशाभूल करू शकतो, कारण तेथे काही घडेल ही भीती निराधार नसते. म्हणून केवळ बेरजेवरून निदान केले जात नाही. तिने मजुरी आणि बाजार दोन्ही सोडले, ही बाब येथे अधिक वजनदार ठरते.

भाषेची अडचण या भागात वारंवार येते. वारली बोलणाऱ्या रुग्णाचे म्हणणे नातेवाईक मराठीत सांगतात तेव्हा नवऱ्याचे व्यसन, सासरचा जाच यांसारख्या गोष्टी गाळल्या जातात. अशा वेळी नणंदेला थोडा वेळ बाहेर बसवून परिचारिकेच्या मदतीने बोलण्याची विनंती रुग्णाने स्वतःही करावी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्यास त्याला अपवाद होतो.

भेटीनंतर

पहिल्याच दिवशी औषध मिळेलच असे नाही. या उदाहरणातील स्त्रीला श्वास सावकाश सोडण्याची रीत दाखवून, झोपेची वेळ ठरवून आणि सोडलेल्या कामांपैकी सर्वांत सोपे काम आधी सुरू करण्यास सांगून दोन आठवड्यांनी बोलावता येईल. प्रथम शेजारणीसोबत बाजाराच्या तोंडापर्यंत, पुढच्या आठवड्यात आत, नंतर एकटीने अशा पायऱ्या आखतात. तडा गेलेल्या घरात झोपण्याचा सराव कोणी सांगत नाही. ते काम गवंड्याचे आहे.

औषध दिल्यास ते बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन यांसारखे असते. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ व बेचैनी वाढल्यासारखी वाटू शकते. याच काळात अनेक जण ‘गोळी मानवली नाही’ म्हणून उपचार सोडतात. त्रास असह्य असेल तर गोळी मनाने बंद करण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे. झोपेसाठी दिलेल्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तात्पुरता आराम देतात. परंतु त्यांची सवय लागते, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या असतात. ताडी किंवा दारूबरोबर त्या घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. ओळखीच्या दुकानातून तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा गोळ्या आणणे टाळावे.

दुसऱ्या भेटीस येताना आधीचा केसपेपर, रक्ततपासणीचे कागद आणि घेत असलेल्या सर्व औषधांची पाकिटे सोबत आणावीत. लिहिता येत नसल्यास झोप न लागलेल्या रात्री दिनदर्शिकेवर टिंब काढून मोजता येतात. चौदा दिवसांत नऊ टिंबांवरून पाचवर आल्याचे दिसले, तर उपचाराची दिशा योग्य असल्याचे डॉक्टरांना कळते.