4, 8 आणि 13 वर्षांची मुलं एकाच घरात? खेळांचा कप्पा असा लावा

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही. मग खेळांचा कप्पा उघडला जातो आणि अर्ध्या तासात भांडण सुरू होतं. मोठ्याला कंटाळा येतो, मधला चिडतो, धाकटी सोंगट्या विस्कटते. असं का होतं?

अडचण कुठे आहे?

बहुतेक घरांत कप्प्यात चार-पाच डबे असतात, पण खेळ एकाच जातीचे असतात. सापशिडी घ्या. त्यात खेळणाऱ्याला काहीच ठरवायचं नसतं, फासा सांगेल तेवढी घरं जायचं. म्हणूनच 4 वर्षांची मुलगीही 13 वर्षांच्या दादाला हरवू शकते, आणि म्हणूनच दादाला त्यात रस उरत नाही. याउलट बुद्धिबळात नशिबाला जागाच नाही, त्यामुळे तिथे धाकटे रोज हरतात.

म्हणून खेळ घेताना डब्यावरचं वय बघाच, पण आणखी एक प्रश्न विचारा: यात नशीब किती, डोकं किती आणि हात किती? या तिन्हींचे खेळ कप्प्यात हवेत. शिवाय एक खेळ जोडीने खेळायचा हवा.

एक उदाहरण घेऊ

समजा, घरात 4, 8 आणि 13 वर्षांची तीन मुलं आणि आजी आहे. त्यांच्यासाठी चार खेळ पुरतात.

1. नशीब आणि थोडं डोकं: चल्लस-आठ
काही घरांत याला अष्टा-चंगा म्हणतात. 25 घरांचा पट शहाबादी फरशीवर खडूनेही आखता येतो. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून त्यांचे चार अर्धे तुकडे घ्या. चारही उताणे पडले तर 4, चारही पालथे पडले तर 8, आणि या दोन्ही दानांवर पुन्हा टाकायला मिळतं. दान नशिबाने पडतं, पण चारपैकी कोणती सोंगटी हलवायची हे आपण ठरवतो. त्यामुळे धाकटीला संधी मिळते आणि मोठ्यालाही विचार करायला काही उरतं.

2. डोकं: वाघ-बकरी
याचे अनेक प्रकार आहेत. नेपाळमधल्या बाघचाल या प्रकारात 4 वाघ आणि 20 बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो, तर बकऱ्यांना सगळे वाघ कोंडायचे असतात. दोन्ही बाजूंचं काम वेगळं असल्यामुळे असमान वयाच्या दोघांना हा खेळ चालतो. 8 वर्षांच्या मुलाला आधी वाघ द्या, कारण वाघाला समोरची उडी दिसली तरी खेळता येतं. बकऱ्यांना मात्र पुढचा विचार करून एकमेकींच्या आधाराने उभं राहावं लागतं.

3. हात: कॅरम
इथे वयापेक्षा सराव मोठा. दुहेरीत सर्वात मोठ्या मुलाची जोडी सर्वात लहानाशी लावा. कॅरमच्या पावडरीत अनेकदा बोरिक ॲसिड असतं, म्हणून तो डबा लहान मुलाच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

4. जोडीचा खेळ: पत्ते
मेंढीकोटमध्ये दोन-दोन जणांच्या जोड्या होतात आणि चार दश्श्या मिळवायची चढाओढ असते. इथे 52 पत्ते चौघांत वाटले की प्रत्येकाला 13 येतात, आणि 4 वर्षांच्या मुलीच्या हातात ते मावत नाहीत. तिला आजीच्या मांडीवर बसवा आणि आजी सांगेल तो पत्ता तिला टाकू द्या. चौथा हात आई किंवा बाबांचा. पंख्याने पत्ते उडतात, म्हणून खाली जाड सोलापुरी चादर अंथरा आणि पंख्याच्या थेट खाली बसू नका.

काही चुकतंय हे कसं ओळखायचं?

दोन आठवडे बघा. रोज एकच जण हरत असेल तर खेळ बदलू नका, नियम बदला: मोठ्याने एक सोंगटी कमी घ्यावी किंवा कॅरममध्ये डाव्या हाताने मारावं. कुणी दरवेळी मध्येच उठत असेल तर खेळ त्याच्यासाठी लांबतोय. चल्लस-आठमध्ये चारऐवजी दोनच सोंगट्या घेऊन खेळा. आणि एखादा डबा दोन्ही आठवडे उघडलाच नाही, तर तो माळ्यावर टाका आणि महिन्याभराने परत काढा.

घरात 3 वर्षांखालचं मूल असेल तर कवड्या, चिंचोके आणि फासे वरच्या कप्प्यात, झाकण लावून ठेवा. हे घशात अडकू शकतात. बाजारातून नवीन खेळणं घेताना आयएसआय चिन्ह तपासा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे.